टॅटूच्या डिझाइनमधल्या दोन अक्षरांचा खरा अर्थ कसा तपासायचा

प्रश्न: मनगटावर जपानीत 'मुक्त' असा टॅटू करायचाय. नेटवर दोन अक्षरांचं एक डिझाइन आवडलं, खाली इंग्रजीत फ्री असं लिहिलेलं. कॅमेऱ्याने स्कॅन केलं तर ॲपने 免費 ही अक्षरं ओळखली आणि अर्थ पण फ्रीच दाखवला. म्हणजे बरोबर आहे ना? असंच काहीतरी छापलेला एक टीशर्ट पण आहे माझ्याकडे, त्याचं कसं तपासायचं?

उत्तर:

आधी थेट सांगते, हे डिझाइन करू नका. 免費 म्हणजे फुकट. पैसे न देता मिळणारं. पार्किंगच्या पाटीवर, कूपनवर, वायफायच्या स्टिकरवर असतो तो शब्द. आणि तो जपानी पण नाहीये, चिनी आहे. जपानीत फुकटला 無料 असं लिहितात. मी जपानीतून भाषांतराचं काम करते, कामापुरतं चिनी पण वाचते, आणि टॅटूची डिझाइनं बघून द्या म्हणून लोक बऱ्याचदा पाठवतात, त्यातली ही चूक माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

ॲप चुकलं का, तर नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. इंग्रजीत फ्री म्हणजे मोफत पण आणि मुक्त पण. मराठीत आपण हे दोन अर्थ कधीच एकत्र करत नाही, पण तुम्ही मराठीतून इंग्रजीत गेलात, इंग्रजीतून चिनीत, आणि वाटेत अर्थ बदलला ते इंग्रजी शब्दाच्या आड दिसलंच नाही. कितीही वेळा उलटसुलट तपासलं असतं तरी जुळलंच असतं, फ्रीचं 免費 आणि 免費 चं परत फ्री. त्यामुळे 'दोन्हीकडून ट्रान्सलेट करून बघितलं, सेम आलं' याला मी पुरावा मानत नाही. मधल्या भाषेतल्या शब्दाला दोन अर्थ असले की जाताना एक आणि येताना दुसरा घेतला तरी वर काहीच कळत नाही. तुम्हाला तपासायचंय ते हे, की ती भाषा लहानपणापासून वाचणाऱ्या माणसाने तुमचं मनगट बघितलं तर त्याच्या डोक्यात पहिलं काय येईल.

हे तपासायचं कसं ते तुमच्याच दोन अक्षरांवर करून दाखवते, म्हणजे पुढच्या वेळी कुठल्याही डिझाइनवर करता येईल.

पहिलं काम, चित्रातली अक्षरं टाइप केलेली मिळाली पाहिजेत. चित्राचा अर्थ शोधता येत नाही, टाइप केलेल्या शब्दाचा येतो. ते तुमचं झालंय, ॲपने दिली अक्षरं, पण ॲपने ओळखलेलं अक्षर आणि डिझाइनमधलं अक्षर शेजारी शेजारी मोठं करून रेघ न रेघ जुळवून बघा, कारण डिझाइनमध्ये एखादी रेघ चुकली असेल तर ॲप स्वतःच अंदाजाने जवळचं बरोबर अक्षर दाखवतं आणि चूक झाकली जाते. या लिपीत एका ठिपक्याने किती फरक पडतो बघा, 大 म्हणजे मोठा आणि 犬 म्हणजे कुत्रा. ब्रशने फराटे मारलेलं डिझाइन असेल तर कॅमेऱ्याला बरेचदा जमत नाही, मग फोनमध्ये चिनी हँडरायटिंग कीबोर्ड टाकून बोटाने काढून बघायचं.

दुसरं, भाषा कुठली ते ठरवायचं. डिझाइनखाली जपानी लिहिलंय यावर विश्वास ठेवायचा नाही. मजकुरात の, る, し अशी साधी गोलाकार अक्षरं मधेमधे दिसली तर जपानी, ती चिनीत नसतात. पण नुसती दोन-चार दाट चौकोनी अक्षरं असली तर ती जपानी पण असू शकतात आणि चिनी पण, कारण जपानने ती चीनकडूनच घेतली. मग अक्षराच्या घडणीवरून थोडा सुगावा लागतो. मुख्य भूमीवरच्या चीनने १९५६ पासून बरीच अक्षरं सोपी केली, जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर आपली वेगळी आणि कमी अक्षरं सोपी केली, तैवान आणि हाँगकाँगला जुनीच चालू राहिली. ड्रॅगनचं अक्षर घ्या, जुनं 龍, चीनमधलं सोपं 龙, जपानमधलं सोपं 竜, तिन्ही वेगळी. (जपानमध्ये नावात वगैरे जुनं 龍 पण चालतं, त्यामुळे नियम एकदम काटेकोर नाही.) तुमच्या डिझाइनमध्ये 費 आहे, चीनमध्ये ते आता 费 असं लिहितात, म्हणजे तुमचं डिझाइन एकतर जुन्या वळणाचं चिनी किंवा जपानी. इथपर्यंत फक्त घडणीवरून कळतं, पुढचं शब्दकोश सांगतो.

तिसरं, शब्दकोश, ट्रान्सलेट ॲप नाही. ॲप एकच उत्तर देतं, शब्दकोश सगळे अर्थ देतो आणि शब्द कुठे वापरतात ते पण देतो. जपानीसाठी Jisho.org, चिनीसाठी MDBG, दोन्ही फुकट आहेत आणि इंग्रजीतून अर्थ देतात. एकेक अक्षर आधी बघा. 免 म्हणजे सूट मिळणं, माफी असणं, आणि 費 म्हणजे खर्च. खर्चातून सूट. हे दिसल्यावर वेगळं समजवायची गरजच राहत नाही, आणि हे बघायला दोन मिनिटं पण लागत नाहीत. मग पूर्ण शब्द टाका. तो चिनी कोशात सहज मिळेल, आणि जपानीत फुकटसाठी 無料 मिळेल.

पण एकेका अक्षरावरच थांबायचं नाही, उलटी फसगत तिथे होते. अरियाना ग्रांडेचं उदाहरण माहीत असेल, जानेवारी २०१९ मध्ये तिने तळहातावर 七輪 असा टॅटू केला, तिच्या 7 rings या गाण्यावरून. 七 म्हणजे सात, 輪 म्हणजे कडं किंवा चाक, एकेक अक्षर कोशात शोधलं तर सगळं जुळतं. पण दोन्ही जोडून जपानीत शिचिरिन असा एक वेगळाच शब्द होतो, मांस-मासे भाजायची छोटी कोळशाची शेगडी. बोटातल्या अंगठीला 指輪 म्हणतात, 指 म्हणजे बोट. लोकांनी सांगितल्यावर तिने 指 हे अक्षर घालून घेतलं पण ते 輪 च्या आधी यायला हवं होतं आणि तिथे जागाच उरली नव्हती, त्यामुळे ते सरळ वाचलं जाईना. म्हणून पूर्ण शब्द जसाच्या तसा शोधायचाच. आणि दोन्ही भाषांत शोधायचा, कारण तीच अक्षरं दोन देशांत वेगळं बोलतात. 手紙 जपानीत पत्र आहे, चिनीत टॉयलेट पेपर. 娘 जपानीत मुलगी आहे, चिनीत आई. टॅटू जपानी म्हणून केला तरी वाचणारा चिनी असू शकतो.

चौथं, इमेज सर्च. मला स्वतःला ही पायरी सगळ्यात उपयोगी वाटते, कारण हिला भाषा यावी लागत नाही. शब्द अवतरणचिन्हांत टाकायचा आणि फोटो बघायचे.

```
"免費"
"自由"
```

पहिल्या शब्दाला तुम्हाला सेलची पोस्टरं, गिफ्टची चित्रं, ॲपच्या जाहिराती दिसतील. दुसऱ्याला पुस्तकांची मुखपृष्ठं, सुलेखन, मोर्चाचे फलक, अमेरिकेतला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा (त्याच्या चिनी-जपानी नावातच हा शब्द आहे) असं येईल. शब्दाची संगत कळते त्यातून. आणि एक धोक्याची खूण लक्षात ठेवा, एखाद्या शब्दाला सगळे रिझल्ट टॅटूच्या आणि टीशर्टच्याच साइटचे आले आणि त्या भाषेतलं एकही साधं पान आलं नाही, तर तो शब्द त्या भाषेत बहुतेक नाहीच, कोणीतरी जुळवलेला आहे आणि बाकीच्यांनी उचललेला आहे.

आता तुम्हाला हवं काय ते ठरवूया, आणि हे मात्र तुमच्यावर अवलंबून आहे, माझ्यावर नाही. मराठीत मुक्त म्हटलं तर निदान तीन गोष्टी होतात. मला कोणी अडवू शकत नाही, माझ्या मनासारखं जगते किंवा जगतो, हे असेल तर 自由. चिनी जुनं, चिनी सोपं आणि जपानी, तिन्हीकडे हीच अक्षरं, रेघाही त्याच, अर्थ पण तोच, स्वातंत्र्य. त्याला चळवळीचा, राजकारणाचा वास आहे थोडा, पण रोजच्या बोलण्यात पण येतो, जपानमध्ये पत्रकांच्या गठ्ठ्यावर 'हवं तर घ्या' अशी सूचना असते त्यात पण हाच शब्द असतो, अर्थात तिथे त्याच्या आजूबाजूला बाकी शब्द असतात. एकटा लिहिलेला असला की वाचणारा स्वातंत्र्य असाच घेतो. फक्त तो 'मी मुक्त आहे' असं वाक्य होत नाही, नाम आहे ते.

दुसरं म्हणजे कोणाच्या तरी तावडीतून सुटका, त्याला 解放. पण चीनमध्ये हा शब्द १९४९ च्या कम्युनिस्ट विजयाशी घट्ट चिकटलेला आहे, तिथल्या सैन्याच्या नावात पण आहे, त्यामुळे मनगटावर घ्यायला मी तरी सुचवत नाही.

तिसरं म्हणजे आपली मुक्ती, मोक्ष, संसाराच्या फेऱ्यातून सुटणं. त्याला बौद्ध परंपरेतून आलेला शब्द आहे, 解脱, जपानीत गेदात्सु. सुंदर आहे आणि आपल्या मनातल्या अर्थाच्या फार जवळचा आहे. पण दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, जुन्या चिनीत दुसरं अक्षर किंचित वेगळं आहे, 脫, वरच्या दोन छोट्या रेघा बघा, त्यामुळे जपानी हवं तर 脱 च आहे ना ते बघून घ्यायचं. दुसरं, आजच्या चिनी बोलण्यात खूप आजारी माणूस गेला की 'सुटला बिचारा' या अर्थाने पण हाच शब्द म्हणतात. त्यात वाईट काही नाही, आपणही तसं म्हणतोच, पण तुमचा टॅटू बघून कोणी चिनी माणूस गंभीर झाला तर का ते तुम्हाला कळलं पाहिजे.

तुमच्या प्रश्नावरून मला 自由 वाटतंय, पण तिसरा अर्थ मनात असेल तर वेगळा विचार करा.

शब्द ठरला की माणसाला विचारायचं, आणि कसं विचारता यावर सगळं आहे. 'याचा अर्थ मुक्त होतो ना?' असं विचारलं तर समोरचा हो म्हणतो. एकतर तो सभ्यपणे बोलतो, आणि दुसरं म्हणजे तुम्ही अर्थ आधीच सांगितलात की त्याला तो तिथे दिसायला लागतो. मी नेहमी सांगते की अर्थ न सांगता फक्त अक्षरं दाखवा आणि तीन प्रश्न विचारा. हे काय लिहिलंय? हे साधारण कुठे लिहिलेलं दिसतं? एखाद्याच्या हातावर दिसलं तर काय वाटेल? दुसऱ्या प्रश्नाला 免費 चं बिंग लगेच फुटलं असतं. दोघांना वेगवेगळं विचारा, एकमेकांसमोर नको, आणि शक्य असेल तर एक तरुण आणि एक वयस्कर, कारण शिव्या आणि स्लँग तरुणांना माहीत असतात आणि धार्मिक, जुने संदर्भ वयस्करांना. ओळखीत कोणी नसेल तर रेडिटवर r/translator आहे, तिथे टॅटूचे प्रश्न रोज येतात, पण तिथे पण अर्थ आधी सांगू नका. आणि जी व्यक्ती फक्त क्लासला जाऊन ती भाषा शिकलीये तिचं उत्तर आधाराला घ्या, शेवटचं म्हणून घेऊ नका. मी भाषांतर करते तरी शेवटी जपानी माणसाला दाखवतेच.

एवढं झालं की लोक निर्धास्त होतात, पण शब्द बरोबर असूनही टॅटू चुकतो तो स्टेन्सिलवर. टॅटू आर्टिस्टला लिपी वाचता येत नसेल तर त्याच्यासाठी ते नुसतं चित्र आहे, आणि चित्र उलटं झालं, आरशातलं झालं, एखादी रेघ राहिली तर त्याला कळायचं कारण नाही. त्याच्या हाताच्या कसबाचा त्याच्याशी संबंध नाही. आपण स्वतः मराठी मजकूर एखाद्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केला की पहिली वेलांटी उडून भलत्याच अक्षराला चिकटते ते बघितलंय, आपल्याला ते वाचता येतं म्हणून लगेच कळतं, न वाचणाऱ्याला ते डिझाइन छानच वाटेल.

自由 मध्ये नेमकं काय बघायचं ते सांगते, कारण ही अक्षरं सोपी दिसतात म्हणूनच चूक डोळ्याला दिसत नाही. 自 मध्ये सहा रेघा, एक उभा चौकट, आत दोन आडव्या रेघा आणि वर डोक्यावर डावीकडे खाली उतरणारी एक छोटी तिरकी रेघ. डोक्यावरची रेघ राहिली तर 目 होतं, म्हणजे डोळा. डोक्यावरची आहे पण आतली एकच रेघ आली तर 白, म्हणजे पांढरा. 由 मध्ये पाच रेघा, मधली उभी रेघ चौकटीच्या फक्त वर बाहेर आली पाहिजे. वर आलीच नाही तर 田, शेत. खाली आली तर 甲, दोन्हीकडे आली तर 申, आणि हे सगळे वेगळे शब्द आहेत. म्हणजे 由 उलटं धरलं की सरळ 甲 होतं, त्यामुळे मनगटावर स्टेन्सिल लावताना वर कुठली बाजू ते आर्टिस्टला पेनाने बाण काढून दाखवा.

आणि आरशाचं. ही दोन्ही अक्षरं जवळजवळ दोन्ही बाजूंनी सारखी आहेत, त्यामुळे स्टेन्सिल आरशातलं झालं तरी अक्षरं ठीकच दिसतात, फक्त क्रम उलटून 由自 होतो आणि तो काही शब्द नाही. ओळखायची एकच खूण, 自 च्या डोक्यावरची ती छोटी रेघ. ती डावीकडे उतरत असेल तर सरळ, उजवीकडे उतरत असेल तर उलटं.

मांडणी आडवी असेल तर डावीकडून उजवीकडे, 自 आधी. हाताच्या लांबीत उभी हवी असेल तर 自 वर आणि 由 खाली, प्रत्येक अक्षर सरळ उभं ठेवून. आडवी ओळ तशीच फिरवून उभी करू नका, अक्षरं आडवी पडतात. आकाराचं पण बघा, शाई वर्षानुवर्षं थोडी पसरतेच, 自 च्या आतल्या दोन रेघा एकमेकींना चिकटल्या तर परत काळा ठिपका किंवा 白 सारखं काहीतरी, म्हणून त्या मोकळ्या राहतील एवढं अक्षर मोठं घ्या, किती ते तुमचा आर्टिस्ट सांगेल. 解脱 घेतलंत तर पहिल्यात १३ आणि दुसऱ्यात ११ रेघा आहेत, ते चिमुकलं करायचा हट्ट धरू नका. आणि फराटेदार ब्रशची शैली हवी असेल तर तो शेवटचा नमुना परत वाचणाऱ्याला दाखवा, कारण खूप वळणदार लिपी तिथल्या लोकांना पण सगळ्यांना वाचता येत नाही.

टीशर्टला एवढं नको, तो काढून ठेवता येतो. तिथे वाक्य शुद्ध आहे का यापेक्षा त्यात शिवी, अश्लील काही किंवा धर्म-राजकारणाची घोषणा आहे का एवढंच बघायचं. स्कॅन करा, अक्षरं टाइप स्वरूपात घ्या, कोशात आणि इमेज सर्चमध्ये टाका. एकेक अक्षराला अर्थ आहे पण जोडून कुठेच काही सापडत नाही असं झालं तर घाबरू नका, बहुधा छापणाऱ्याने इंग्रजी ए-बी-सीला एकेक चिनी अक्षर लावलेला तक्ता वापरलाय, असे तक्ते नेटवर भरपूर फिरतात आणि त्यांना अर्थ नसतो. टीशर्ट घालायला हरकत नाही, त्यावरून टॅटू मात्र कधीच करू नका. रोमन लिपीतली भाषा असेल तर अक्षरांवरच्या खुणांसकट टाइप करा, स्पॅनिशमध्ये año म्हणजे वर्ष आणि वरची खूण गेली की ano म्हणजे गुदद्वार, आणि नववर्षाच्या शुभेच्छांमध्ये ती खूण हमखास गळते.

तुमचं स्टेन्सिल हातावर लागलं की सुई लागायच्या आधी फोटो टाका इथे, मी बघून सांगते. फक्त मागच्या कॅमेऱ्याने काढा, सेल्फी कॅमेरा बऱ्याच फोनमध्ये फोटो आरशासारखा उलटा करून सेव्ह करतो आणि मग क्रम बरोबर आहे की नाही ते मलाच सांगता येणार नाही.